पॅच पॉकेटचा खालचा कोपरा पुन्हा पुन्हा बिघडतोय? आधी मार्जिन मोजा, मग मशीनकडे बघा

पॅच पॉकेट शिवताना एकच तक्रार सतत ऐकू येते, की एक कोपरा टोकदार येतो आणि दुसरा फुगतो, किंवा दोन्ही गोल होतात, आणि वरून टीप मारली की नेमकी कोपऱ्यातच टाके बारीक होऊन एकावर एक चढतात. मग बहुतेक जण मशीन बघतात, टेन्शन फिरवतात, सुई बदलतात, दोरा बदलतात, आणि पुढच्या खिशाला परत तेच होतं. होणारच, कारण बहुतेक वेळा बिघाड मशीनवर बसायच्या आधीच झालेला असतो, खडूने खुणा करताना आणि कोपरा दुमडताना. आणि टॉपस्टिच बिघडते तीसुद्धा बऱ्याचदा त्याच कोपऱ्यामुळे. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच लिहितोय.

ऐरोलीच्या एक ताई ऑर्डरवर ड्रिल कापडाचे एप्रन शिवतात, त्यांचंच उदाहरण घेतो कारण त्यात सगळे प्रकार एकदम सापडले. समोर एक मोठा खिसा, तयार माप १४ सेंमी रुंद आणि १६ सेंमी उंच, खालचे दोन्ही कोपरे काटकोनात, कोपऱ्यात मायटर, म्हणजे कोपरा तिरका दुमडून शिवलेला जोड, आणि वरून दोन टिपा. त्यांचं म्हणणं होतं, "दादा, टीप सरळच मारते मी, पण खिसा खाली निमुळता दिसतो आणि कोपऱ्यात गाठ येते, गिऱ्हाईक बोट लावून दाखवतं." शिवून झालेला खिसा टेपने मोजला तर वरची रुंदी बरोबर १४ आणि खालची साडेतेरा. हे साडेतेरा महत्त्वाचं आहे, कारण तेवढ्या एका आकड्यावरून कुठे चुकतंय ते कळलं.

त्यांचं कटिंग असं होतं: दोन्ही बाजूंना दीड सेंमी मार्जिन, खाली दोन सेंमी, आणि वर साडेतीन (त्यातली अडीच सेंमीची आत वळणारी पट्टी आणि तिची कड दुमडायला एक सेंमी). म्हणजे कापड १७ रुंद आणि साडेएकवीस उंच. खाली जास्त मार्जिन ठेवायचं कारण चांगलं होतं, खिशात वजन पडतं तेव्हा खालची शिवण मजबूत हवी. पण मायटर करताना त्या, सगळे करतात तसंच, कोपरा सुलट बाजू आत घेऊन तिरका दुमडायच्या, दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींवर बरोबर जुळवायच्या आणि दुमडीला काटकोनात टीप मारायच्या.

कडा जुळवून दुमडणं चारी बाजूंना सारखं मार्जिन असेल तरच बरोबर असतं. बाजूला दीड आणि खाली दोन असेल तर कडा जुळवल्यावर जी तिरकी घडी पडते ती कापडाच्या कापलेल्या कोपऱ्यातून जाते, पण खिशाच्या खऱ्या कोपऱ्यातून, म्हणजे जिथे बाजूची आणि खालची दुमडीची रेघ एकमेकींना छेदतात त्या ठिपक्यातून, ती जात नाही, शेजारून निघून जाते. मग टीप कितीही सरळ मारा, कोपरा चुकीच्या जागीच तयार होणार. किती चुकीच्या, तर दोन मार्जिनमधल्या फरकाच्या निम्मा. इथे फरक अर्धा सेंमी, म्हणजे कोपरा अडीच मिमी आत सरकतो आणि अडीच मिमी खाली. दोन्ही कोपरे असेच आत आले की खालची रुंदी पाच मिमी कमी, १४ ची साडेतेरा. टेपने जे दाखवलं होतं ते हेच. आणि मग इस्त्री करताना आपण रेघेवर दुमडायचा प्रयत्न करतो, शिवलेला कोपरा मात्र दुसरीकडे असतो, मधलं कापड कुठेतरी जायला हवं, ते टोकाशी गोळा होतं. तीच ती गाठ.

हे तुमच्याकडे होतंय का ते बघायला खिसा उसवायची पण गरज नाही. पुढचा खिसा शिवताना कोपऱ्याच्या ठिपक्यात उलट बाजूने टाचणी खुपसा आणि मग नेहमीसारखं दुमडा. टाचणी घडीच्या बरोबर धारेवर आली तर ठीक. घडीपासून आत राहिली तर मार्जिन असमान आहे, मग ते मुद्दाम ठेवलेलं असो की कातर थोडी वाकडी गेल्यामुळे झालेलं असो. दुसरं कारणच जास्त सापडतं. कागदावर सगळीकडे दीड लिहिलेलं असतं आणि कापडावर एका बाजूला दीड आणि खाली पावणेदोन निघतं, आणि ते फक्त डाव्या कोपऱ्यात असतं, म्हणून उजवा टोकदार आणि डावा फुगलेला.

आता बरोबर खूण कशी करायची. याला मोजमाप लागतच नाही. तयार मापाचा, म्हणजे १४ बाय १६ चा एक पुठ्ठा कापून घ्या. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद चालतो, फक्त त्यावर प्लास्टिकचा चकचकीत थर नको, इस्त्रीला चिकटतो. वरची पट्टी आधी करून घ्या: एक सेंमी कड उलट बाजूला दुमडून इस्त्री, मग अडीचची पट्टी सुलट बाजूवर उलटी पाडून दोन्ही टोकांना दीड सेंमीवर टीप, टोकं तिरकी छाटून उलटवणं. त्यानंतर पुठ्ठा उलट बाजूवर ठेवून दोन्ही बाजू त्याच्यावर दुमडा, इस्त्री दाबा, मग खालची कड वर दुमडा, इस्त्री दाबा. इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवायची, घासली की ड्रिलसारखं कापडसुद्धा तिरकं ओढलं जातं. पुठ्ठा हळूच काढून घ्या.

आता कोपऱ्यात बघा, बाजूच्या मार्जिनची कापलेली कड आणि खालच्या मार्जिनची कापलेली कड एका जागी एकमेकींना छेदतात. त्या छेदावर टाचणी आरपार घाला म्हणजे वरच्या कडेवर आणि खाली लपलेल्या कडेवर दोन्हीकडे जागा कळेल, आणि दोन्हींवर खडूने बारीक खूण करा. मग घड्या उघडा. उघडल्यावर कोपऱ्याजवळ बाजूच्या कडेवर एक खूण, खालच्या कडेवर एक खूण, आणि मध्ये इस्त्रीच्या दोन रेघा छेदतात तो ठिपका, असे तीन बिंदू दिसतील आणि ते एका सरळ रेघेत असतील. नसतील तर दुमडताना कापड सरकलंय, परत दाबा. ही तिरकी रेघ म्हणजेच मायटरची शिवण. ती बरोबर ४५ अंशात असेलच असं नाही, मार्जिन समान असेल तरच असते.

ज्यांना टेपनेच करायचंय त्यांच्यासाठी आकडे: कापडाच्या कापलेल्या कोपऱ्यापासून बाजूच्या कडेवर मोजायचं ते खालच्या मार्जिनच्या दुप्पट, आणि खालच्या कडेवर मोजायचं ते बाजूच्या मार्जिनच्या दुप्पट. म्हणजे उलटसुलट. ताईंच्या खिशात बाजूच्या कडेवर ४ सेंमीला खूण आणि खालच्या कडेवर ३ सेंमीला. इथे हमखास गोंधळ होतो, बाजूचं मार्जिन दीड म्हणून बाजूच्या कडेवरच ३ ला खूण केली जाते. तसं केलंत तर दोन खुणांमधली रेघ ठिपक्यातून जाणारच नाही, तेव्हा पट्टी लावून बघायची सवय ठेवा.

शिवताना कोपरा सुलट बाजू आत घेऊन दुमडायचा, पण जुळवायच्या त्या दोन खुणा, कडा नाहीत. मार्जिन असमान असेल तर दुमडल्यावर दोन्ही कडा एकमेकींवर बसणार नाहीत, कात्रीसारख्या फाकलेल्या दिसतील आणि फक्त खुणेवर भेटतील. बघून वाटतं काहीतरी चुकलं, आणि हात आपोआप कडा ओढून जुळवायला जातो. ओढू नका, ते तसंच दिसायला हवं. ठिपका घडीच्या धारेवर आला की झालं. खुणेपासून ठिपक्यापर्यंत खडूची रेघ मारा, टाक्याची लांबी दोन मिमीवर आणा, कापलेल्या कडेकडून सुरू करून ठिपक्याकडे या, आणि शेवटचे तीन-चार टाके चाक हाताने फिरवून घ्या. ठिपक्यावर पोचलात की घडीवरून सरळ बाहेर पडा. तिथे रिव्हर्स मारायची नाही, टोकावर दोऱ्याचा गोळा होतो आणि तो उलटवल्यावर बाहेरून हाताला लागतो. दोरे बोटभर लांब सोडून हाताने गाठ मारा. कडेच्या बाजूला रिव्हर्स मारली तर चालते.

टीप ठिपक्यावरच संपणं किती महत्त्वाचं आहे ते एकदा दोन चिंध्यांवर करून बघा. घडीवर ठिपक्यापासून दोन मिमी खिशाच्या आतल्या बाजूला संपली तर कोपऱ्याचं टोकच खाल्लं जातं, खिसा तिथे बोथट होतो आणि आत वाटीसारखा वळतो. दोन मिमी बाहेर संपली तर टोकाला कापडाचा सैल कान राहतो, इस्त्रीने तात्पुरता दबतो आणि धुतला की परत उभा राहतो. म्हणून फुगलेला कोपरा बघितला की आधी हे ठरवायचं की तो बोथट आहे का सैल, दोघांचा उपाय उलटा आहे.

शिवून झाल्यावर छाटणं. बरेच जण इथे घाबरतात आणि सगळं तसंच ठेवून उलटवतात, आणि मग मायटर करून काही फायदाच उरत नाही. मायटर न करता नुसतं बाजू दुमडून त्यावर खालचं दुमडलं तर कोपऱ्यात खिशाचेच चार थर होतात, खालचं एप्रनचं कापड धरून पाच. मायटर शिवून छाटला की खिशाचे दोनच थर राहतात, फक्त तिरक्या शिवणीवर थोडे जास्त. पुढे टॉपस्टिच नीट पडणार की नाही ते बरंचसं याच फरकावर ठरतं. ड्रिल किंवा धागे सुटणाऱ्या खादीत शिवणीपासून पाच मिमी ठेवून छाटा, घट्ट पॉपलीन असेल तर चार पण चालतात, आणि टोकाजवळ आणखी तिरकी कातर मारून दोन-तीन मिमीपर्यंत आणा. मग शिवण उघडून इस्त्री करायची, एका बाजूला पाडायची नाही. एवढ्याशा जागेत इस्त्री जात नाही म्हणून आतून लाकडी काठी किंवा पेन्सिलची गोल मागची बाजू घाला आणि तिच्यावर इस्त्रीचं टोक दाबा. मग उलटवा. टोक काढायला कातरीचं टोक वापरू नका, ड्रिल टिकेल कदाचित पण कॉटन फाटतंच. विणायच्या सुईचं बोथट टोक छान काम करतं. उलटवून पुठ्ठा परत आत घाला आणि इस्त्री करा, पुठ्ठ्याचा कोपरा आणि कापडाचा कोपरा एकमेकांत चपखल बसले तर तुमचा मायटर जमला.

आता खिसा एप्रनवर बसवणं. टाचण्यांवर भरवसा ठेवून थेट टीप मारली तर खिसा सरकतो, आणि ठराविक दिशेनेच सरकतो. मशीनचे दात खालचं कापड मागे ओढतात आणि प्रेशर फूट वरचं कापड पुढे, आपल्याकडे, ढकलतं. त्यामुळे पहिली बाजू उतरताना खिशाचं कापड थोडं थोडं खाली येत जातं, तळाची टीप होईपर्यंत ते आडवं सरकतं, आणि तिसऱ्या बाजूला वर पोचलो की खिशाचं दुसरं तोंड पहिल्यापेक्षा दोन-तीन मिमी वरखाली झालेलं असतं. ताईंच्या एप्रनमध्ये हेही होतं, पण निमुळतेपणात ते लपून गेलं होतं. उपाय साधा आहे, कडेपासून एक सेंमी आत सगळीकडून हाताने धावदोरा घाला. टीप दोन मिमीवर येणार आणि दुसरी आठ मिमीवर, म्हणजे धावदोरा कुठेच सुईखाली येत नाही आणि नंतर ओढून काढता येतो. वेळ लागतो, मान्य, पण ऑर्डरचं काम असेल तर उसवण्यात त्याहून जास्त जातो. प्रेशर फुटाचा दाब कमी करायचा स्क्रू तुमच्या मशीनला असेल तर अर्धा फेरा सैल करा, तेही मदत करतं. आणि पावसाळ्यात ठाण्यात काय नवी मुंबईत काय, टाचण्या कापडात रात्रभर ठेवू नका, दमट हवेत गंजाचा ठिपका पडतो आणि पांढऱ्या ड्रिलवरून तो जात नाही.

मग टॉपस्टिच. पहिली टीप कडेपासून दोन मिमी, दुसरी तिच्यापासून सहा मिमी. ड्रिलला १६ नंबर सुई, टाका तीन मिमी. आधी त्याच कापडाचे तेवढेच थर घेऊन चिंधीवर मारून बघा, एका थरावर जुळवलेलं टेन्शन चार थरांवर चालेलच असं नाही.

सरळ जागेत टीप नागमोडी जाते त्याची दोन कारणं सापडतात. एक म्हणजे नजर सुईवर असते. सुई वरखाली होते, तिच्याकडे बघून सरळ चालवता येत नाही. नजर फुटाच्या आतल्या धारेवर ठेवा आणि खिशाची कड त्या धारेला लावून चालवा, सुई आपोआप जाईल तिथे जाते. दुसरं कारण जास्त खोल आहे. फुटाचा एक पाय खिशावर असतो आणि दुसरा बाहेर, एप्रनच्या एका थरावर, म्हणजे फूट सतत तिरका असतो आणि कडेवरून बाहेर घसरायला बघतो. याला तेवढ्याच जाडीची चिंधीची पट्टी घडी करून बाहेरच्या पायाखाली ठेवायची आणि टीप पुढे जाईल तशी ती सरकवत न्यायची. किंवा चेनचा हाफ फूट लावा आणि त्याचा पाय पूर्ण खिशावर येईल असा बसवा, मग तिरकेपणाचा प्रश्नच नाही. माझं मत विचाराल तर दोन मिमीच्या टिपेला हाफ फूट आणि दुसऱ्या टिपेला नेहमीचा फूट, कारण दुसऱ्या टिपेला दोन्ही पाय खिशावर येतात आणि फुटाच्या रुंदीचाच अंदाज घेऊन चालता येतं.

आता कोपरा. फक्त पहिली टीप मारताना दोन गोष्टी बिघडतात आणि लोक त्यांना एकच समजतात.

पहिली, वळण चुकीच्या जागी येतं. तीन मिमीच्या टाक्याने चालत आलो तर शेवटचा टाका नेमका वळणावर पडेल याची खात्री नसते, एक तर एक मिमी आधी थांबतो नाहीतर एक पुढे जातो, आणि मग एका कोपऱ्यात कडेपासून एक मिमी आणि दुसऱ्यात तीन मिमी. म्हणून बसवायच्या आधीच खिशाच्या सुलट बाजूवर कोपऱ्याच्या टोकापासून आत ४५ अंशाची खडूची हलकी रेघ काढून ठेवा. आणि इथे मात्र खरोखर ४५ च, कारण टिपा दोन्ही कडांपासून सारख्याच अंतरावर आहेत, आतलं मार्जिन काही का असेना. मायटरची शिवण आणि ही रेघ असमान मार्जिनमध्ये वेगळ्या असतात, शिवणीचा फुगवटा बघून वळू नका. दोन्ही टिपा याच रेघेवर वळल्या की कोपरे एकात एक नीट बसतात. रेघेपासून साधारण एक सेंमी आधी थांबा. एक सेंमीमध्ये तीन मिमीचे तीन टाके बसतात आणि एक मिमी उरतो. टाका अडीचवर आणा, चार टाके बरोबर बसतात, आणि तीन आणि अडीचमधला फरक डोळ्याला कळत नाही. हे चार टाके पॅडलवरून पाय काढून, हाताने चाक फिरवून घ्यायचे.

वळताना सुई खाली हवी हे सगळ्यांना माहिती असतं, पण तेवढं पुरत नाही. सुई अगदी तळाला असताना फूट उचलून कापड फिरवलं तर बऱ्याचदा पहिलाच टाका सुटतो, कारण शटलच्या टोकाने अजून वरच्या दोऱ्याचा फास पकडलेला नसतो आणि फिरवताना तो फास पिळला जातो. सुई तळाला नेऊन चाक तसंच किंचित पुढे फिरवा, सुई वर यायला नुकती लागली आहे पण कापडात आहे, अशा वेळी थांबा आणि मग फिरवा. कोपऱ्यात टाका सुटणं याने बहुतेक वेळा जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे वळल्यानंतर टाके बारीक होऊन एकावर एक चढतात. इथे फूट मागे झुकतो. वळल्यावर फुटाचं पुढचं टोक खिशाच्या जाडीवर असतं आणि मागचा भाग खिशाच्या बाहेर, एका थरावर पडलेला असतो, फूट चढावर असतो, दातांची पकड सुटते आणि कापड जागच्या जागी राहतं. आपण मागून कापड ओढतो, मग एकदम लांब टाका पडतो आणि सुई वाकायची शक्यता असते. ओढू नका. खिशाएवढ्याच जाडीची चिंधी घडी करून फुटाच्या मागच्या भागाखाली, सुईला लागेल इतकी जवळ सारून ठेवा, फूट सपाट झाला की टाके आपोआप तीन मिमीचे पडायला लागतात. दोन सेंमी पुढे गेलात की ती चिंधी मागून काढून घ्या. आणि इथेच मायटर छाटला होता की नाही ते समोर येतं. न छाटलेल्या कोपऱ्यात चिंधी चार थरांची लागते आणि तरी टोकावर सुई अडते, छाटलेल्यात दोन-तीन थरांनी काम होतं.

दुसऱ्या टिपेला कोपऱ्यात हा त्रास जवळजवळ नसतो कारण फूट पूर्ण खिशाच्या आत असतो. तिथे सहा मिमी पाळायचे आणि खडूच्या त्याच रेघेवर वळायचं, बस. वरच्या तोंडाशी दोन टिपा लहान त्रिकोणाने किंवा सहा-सात मिमीच्या रिव्हर्सने जोडा, खिसा तिथूनच फाटतो. खालचे कोपरे कितीही सुंदर असले तरी हात घालताना ओढ बसते ती वरच्या दोन टोकांवर.

धुतल्यावर खिसा सुरकुततो तो प्रकार निराळा आहे, त्यात कोपऱ्याचा दोष नसतो. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून एप्रनसाठी एक कापड आणि खिशासाठी वेगळं रंगीत कॉटन आणलं आणि न भिजवता शिवलं तर दोघं सारखं आटत नाहीत, आणि खिशाभोवती जाळी पडते. शिवायच्या आधी दोन्ही भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. टीप मारल्या मारल्याच, धुवायच्या आधी चुण्या दिसत असतील तर मात्र ते टेन्शन.

काही कापडांना हा प्रकार करूच नये असं मला वाटतं. मलमल किंवा पातळ व्हॉइलमध्ये मायटरची तिरकी शिवण आणि मार्जिन बाहेरून सावलीसारखं दिसतं, त्यापेक्षा खिशाला त्याच कापडाचं पूर्ण अस्तर लावून उलटवलेला बरा. गोल कोपऱ्यांना मायटर लागतच नाही, तिथे मार्जिनला चुणी घालून पुठ्ठ्यावर दाबतात. उलट टोकदार, म्हणजे खाली त्रिकोण असलेल्या शर्टाच्या खिशाला वरची इस्त्री-टाचणीची रीत चालते, कोन कुठलाही असो, फक्त तिथे तीन बिंदू एका सरळ रेघेत येणार नाहीत, आणि टेपचे दुपटीचे आकडेही वापरू नका, या दोन्ही गोष्टी काटकोनासाठीच आहेत.

ताईंनी शेवटी खालचं मार्जिन दोनच ठेवलं, ४ आणि ३ च्या खुणा केल्या, आणि खालची रुंदी १४ आली. आधी शिवून झालेल्या एप्रनचं काय करायचं हा त्यांचा प्रश्न होता आणि तो बऱ्याच जणांचा असतो, म्हणून लिहितो. आतून मार्जिन छाटलेलं नसेल तर पूर्ण खिसा काढायची गरज नाही, कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सात सेंमी टॉपस्टिच उसवा, दोऱ्याची टोकं आत ओढून गाठ मारा, मायटरची शिवण उसवून तेवढाच भाग पुठ्ठ्यावर दाबून नव्या खुणा करा, आणि परत शिवताना जुन्या टिपेच्या चार-पाच टाक्यांवरून, त्याच भोकांतून चालत जा म्हणजे जोड दिसत नाही. कोपरा अडीच मिमी बाहेर येणार असल्यामुळे जुनी भोकं खिशाखाली झाकली जातात, तळाशी मात्र कोपरा वर जातो आणि तिथे एप्रनवर जुन्या टिपेची भोकं उघडी पडतात. ड्रिलवर ती पाण्याचा फवारा आणि नखाने घासून, मग इस्त्री केली की बरीचशी बुजतात, गडद रंगावर कमी बुजतात. मार्जिन आधीच तीन मिमीपर्यंत छाटलेलं असेल तर त्या कोपऱ्याला हात लावू नका, नवीन शिवण धरणार नाही, तो खिसा काढून नवा कापलेला बरा.